रोजचे रिजेक्शन आणि खरा बिघाड: एका फाउंड्रीतला पी चार्ट

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीचे हे प्रकरण. ग्रीन सँडच्या साच्यांत ग्रे आयर्नचे ओतकाम चालते. मुख्य माल म्हणजे एक बेअरिंग हाउसिंग. आतली पोकळी शेल कोअरने तयार होते आणि रोज ठरलेले ४०० नग ओतले जातात. फाउंड्रीची ओळख पटू नये आणि हिशेब सहज लक्षात यावा म्हणून आकडे मी गोल केले आहेत. गणित मात्र कुणालाही वहीवर करून पाहता येईल असे ठेवले आहे.

तक्रार मालकांची होती. रिजेक्शन ‘स्थिर राहत नाही’. एखाद्या दिवशी ४०० पैकी १४ नग बाद व्हायचे, एखाद्या दिवशी २७. कारखान्यात एक नियम ठरून गेला होता: २४ च्या वर, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर नग बाद झाले की संध्याकाळी मीटिंग. मीटिंग म्हटली की कारण सापडलेच पाहिजे आणि उपायही निघालाच पाहिजे. पोअरिंगचे तापमान वाढवा, वाळूतले मॉइश्चर कमी करा, बेंटोनाइट वाढवा, मोल्डिंगचा माणूस बदला. महिनाभरात अशा चार मीटिंगा झाल्या आणि चार वेगवेगळे उपाय झाले. प्रत्येक उपायानंतर रिजेक्शन खाली आले, म्हणून प्रत्येक उपाय बरोबर ठरला, आणि तरीही पुढची मीटिंग टळली नाही.

त्या महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांचे बाद नग असे होते:

१८, २१, १६, १९, २५, २२, १७, २०, ३१, २३, १९, १४, १६, २२, २४, १८, १२, १५, २१, २६, २०, १९, २२, २७, १३

हे आकडे आयते मिळाले नव्हते. फाउंड्रीच्या रजिस्टरमध्ये तपासणीच्या तारखेने नोंद व्हायची. आज ओतलेला नग नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग आणि फेटलिंग होऊन तपासणीच्या टेबलावर यायला दोन ते चार दिवस लागतात. म्हणजे आज बाद झालेल्या नगांत सोमवारचे ओतकामही असते आणि बुधवारचेही. अशा मिसळलेल्या आकड्यांवर कितीही सुबक आलेख काढला तरी तो कोणत्याच एका दिवसाबद्दल बोलत नाही. सुदैवाने प्रत्येक नगावर ओतकामाच्या दिवसाचा कोड उठलेला होता. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्याने बाद नगाचा कोड आणि दोषाचा प्रकार अशा दोनच गोष्टी लिहायच्या, एवढा बदल आम्ही केला. मागच्या महिन्याचे बाद नग अजून वितळवायला गेले नव्हते, भंगाराच्या ढिगात पडून होते. ते उलथून कोड वाचायला दोन माणसे लावली, तेव्हा वरची ओळ हाती आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम हेच होते.

आता पहिला प्रश्न. कारखान्यात काहीही बदललेले नसताना रोजचा आकडा किती वर-खाली होईल?

पंचवीस दिवसांचे एकूण बाद नग ५००, एकूण ओतलेले १०,०००. सरासरी पाच टक्के, म्हणजे दिवसाला २०. धातू तोच, वाळू तीच, माणसे तीच आणि प्रत्येक नग बाद होण्याची शक्यता रोज बरोबर पाच टक्के धरली, तरी रोज २० च नग बाद होणार नाहीत. कधी १५ होतील, कधी २६. हा चढउतार किती असेल ते द्विपद वितरणाच्या गणिताने काढता येते, आणि त्याच गणितावर पी चार्टच्या, म्हणजे रोजच्या बाद नगांच्या प्रमाणाच्या आलेखाच्या, मर्यादा उभ्या आहेत. स्प्रेडशीटमध्ये दोन ओळी पुरतात:

```
=0.05+3*SQRT(0.05*0.95/400)
=0.05-3*SQRT(0.05*0.95/400)
```

पहिल्या ओळीचे उत्तर सुमारे ८.३ टक्के येते, दुसरीचे १.७ टक्के. नगांत सांगायचे तर वरची मर्यादा ३३ च्या जरा वर आणि खालची ७ च्या जरा खाली. आहे तशी चाललेली फाउंड्री कोणत्याही दिवशी ७ ते ३३ च्या दरम्यान कुठलाही आकडा दाखवू शकते आणि त्या आकड्याला वेगळे कारण असेलच असे नाही. पंचवीसही दिवस या पट्ट्यात बसत होते. ज्या दिवशी सगळ्यांची झोप उडाली होती तो ३१ चा दिवससुद्धा.

मालकांना हे पटणे कठीण गेले, आणि ते साहजिक होते. “एकतीस नग भंगारात गेले, आणि तुम्ही म्हणताय काही झालंच नाही?” असे त्यांनी विचारले. नुकसान तर झालेच होते, ते कुणी नाकारत नव्हते. चार्ट एवढेच सांगत होता की त्या ३१ मागे त्या दिवसापुरते असे काही शोधून सापडणार नाही. जी कारणे १४ च्या दिवशी हजर होती तीच ३१ च्या दिवशीही होती. फक्त त्या दिवशी ती जास्त नगांवर एकत्र आली.

याची एक पडताळणी मीटिंगच्या नियमावरच करता येते. सरासरी २० असलेल्या या प्रक्रियेत निव्वळ योगायोगाने २४ च्या वर आकडा जाण्याची शक्यता साधारण १५ टक्के आहे. पंचवीस दिवसांत त्याचे सुमारे चार दिवस होतात. मीटिंगाही चारच झाल्या होत्या. म्हणजे तो नियम बिघाड ओळखत नव्हता. ठरावीक अंतराने मीटिंग भरवण्याचे काम मात्र बिनचूक करत होता.

मग उपाय लागू कसे पडत होते? ३१ च्या दिवसानंतर वाळूतले मॉइश्चर खाली आणायला सांगितले गेले. पुढचे आकडे २३, १९, १४. तिसऱ्या दिवशी १४ दिसल्यावर मॉइश्चरच दोषी होते यावर सगळ्यांचे एकमत झाले. पण सँड प्लांटचे रजिस्टर उघडले तर मॉइश्चर आणि कॉम्पॅक्टेबिलिटी दुसऱ्याच दिवशी पूर्वपदावर आलेली होती. वाळू कोरडी होऊन साच्याच्या कडा ढासळू लागल्या, म्हणून ऑपरेटरने कुणाला न सांगता पाणी पुन्हा वाढवले होते. १४ चा दिवस जुन्याच मॉइश्चरचा होता. मोठ्या आकड्यानंतर पुढचा आकडा बहुधा लहानच येतो, कारण मोठा आकडा स्वतःच विरळा असतो. त्या ऑपरेटरला नंतर मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, वाळू हातात धरली की कळतंय किती पाणी पाहिजे. कागदावरचा आकडा रोज बदलला तर साचा उभा राहत नाही.” त्याने पाणी वाढवले नसते तर मॉइश्चरच्या उपायामुळेच सँड ड्रॉप वाढले असते. निष्कारण केलेली दुरुस्ती वाया तर जातेच, शिवाय चांगल्या चाललेल्या कामात नवा चढउतार आणून सोडते.

वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये एका पानाच्या टिपणात हा आलेख पहिल्यांदा मांडला, तेव्हा त्यांच्यापुढचा पेच नेमका हाच होता: कोणत्या आकड्यामागे धावायचे आणि कोणत्या आकड्याला तसेच जाऊ द्यायचे. दोन्हीकडे चुकण्याची किंमत असते. तीन सिग्माची मर्यादा, म्हणजे वरच्या सूत्रातल्या वर्गमुळाची तिप्पट, हा या दोन किमतींमधला व्यवहारी समतोल आहे. ती कुठल्या नैसर्गिक नियमातून आलेली नाही, आणि तिला तसे पवित्र मानूही नये.

पुढे जाण्याआधी एक शंका मिटवणे भाग होते. वरच्या गणितात प्रत्येक नगाचे नशीब स्वतंत्र धरले आहे. फाउंड्रीत तसे नसते. एका लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या भांड्यातला, धातू थंड पडला तर त्यातून भरलेले सगळेच साचे धोक्यात येतात आणि नग झुंडीने बाद होतात. असे सतत घडत असेल तर रोजचा खरा चढउतार सूत्राने सांगितलेल्या चढउतारापेक्षा मोठा असतो, सूत्राच्या मर्यादा फार अरुंद पडतात आणि चार्ट उगाच ओरडत राहतो.

हे तपासायचा साधा मार्ग आहे. सूत्र बाजूला ठेवा आणि लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढा: १८ आणि २१ मध्ये ३, २१ आणि १६ मध्ये ५, असे २४ फरक. त्यांची सरासरी ५.०४ आली. तिला अशा फरकांसाठी ठरलेल्या २.६६ या गुणकाने गुणले की १३.४ मिळतात. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढे अंतर सोडले की मर्यादा ६.६ आणि ३३.४ येतात. पी चार्टच्या मर्यादा ६.९ आणि ३३.१ होत्या. दोन्ही वाटांनी जवळपास एकच उत्तर आले, म्हणून इथे पी चार्टवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. फरकांवरून काढलेल्या मर्यादा बऱ्याच रुंद आल्या असत्या तर मी त्याच वापरल्या असत्या. दिवसाला हजारो नग निघणाऱ्या कारखान्यात हा धोका जास्त असतो. तिथे ‘एन’, म्हणजे दिवसाच्या नगांची संख्या, मोठी असल्यामुळे सूत्राच्या मर्यादा इतक्या जवळ येतात की निम्मे दिवस बाहेर पडतात, आणि लोक वैतागून चार्ट फेकून देतात. दोष चार्टचा नसतो, स्वतंत्र नगांच्या गृहीतकाचा असतो.

छोट्या दिवसांचे उलट असते. एकदा वीज गेल्यामुळे १२० च साचे ओतले गेले आणि ११ नग बाद झाले. म्हणजे ९.२ टक्के, ८.३ च्या मर्यादेपेक्षा जास्त. पण १२० नगांसाठी वरची मर्यादा वेगळी काढावी लागते आणि ती ११ टक्क्यांच्या जवळ येते. तो दिवसही आतच होता. टक्केवारी छापताना तिच्याखाली नगांची संख्या न छापणारा रिपोर्ट अशा दिवशी फसवतो.

दुसरा वाद मर्यादांच्या जागेवरून झाला. व्यवस्थापनाचे उद्दिष्ट चार टक्क्यांचे होते आणि चार्टवर वरची रेषा चार टक्क्यांवरच ओढा असा आग्रह झाला. मी तो मानला नाही. मर्यादा प्रक्रियेच्या आकड्यांतून येतात, माणसाच्या इच्छेतून येत नाहीत. ज्या प्रक्रियेची सरासरीच पाच टक्के आहे तिच्यावर चारची रेषा ओढली तर निम्म्याहून जास्त दिवस ‘बाहेर’ पडतील आणि खरा इशारा त्या गर्दीत हरवेल. उद्दिष्ट मीटिंगच्या फळ्यावर राहिले. चार्टवर फक्त ७, २० आणि ३३ या तीन रेषा आल्या.

नियम दोनच ठेवले. एखादा बिंदू मर्यादेबाहेर पडला तर शोध घ्यायचा. सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले तरी शोध घ्यायचा, मग त्यातला एकही मर्यादेच्या जवळ गेलेला नसो. दुसरा नियम वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रथेतून आलेला आहे. काही बदललेले नसेल तर बिंदू वर पडण्याची शक्यता साधारण निम्मी, म्हणून सलग आठ बिंदू वर पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. त्या प्रथेत एकूण चार नियम आहेत, पण चारही एकदम लावले तर सगळे ठीक असतानाही सरासरी ९२ बिंदूंमागे एक खोटा इशारा येतो. नुसत्या तीन सिग्मा मर्यादेला तोच खोटा इशारा सुमारे ३७० बिंदूंमागे एकदा येतो. ज्या कारखान्यात लोक आधीच खोट्या इशाऱ्यांनी दमलेले आहेत तिथे नियम कमी असलेले बरे.

चार्ट भिंतीवर लागला. पुढच्या दिवसांचे आकडे असे आले: २४, २२, २७, २५, २३, २९, २६, २४, २८.

जुन्या नजरेने पाहिले तर यात खास काही नाही. ३१ सारखा घाबरवणारा आकडा एकही नाही. चार दिवस तर २४ किंवा त्याच्या आतले, म्हणजे मीटिंगच नाही. बाकीच्या पाच दिवशी पाच मीटिंगा झाल्या असत्या आणि पाच ठिकाणी हात घातला गेला असता. चार्टवर मात्र हे बिंदू मधल्या रेषेच्या वर एका ओळीत चढत गेले आणि एकही खाली उतरला नाही. सहाव्या, २९ च्या बिंदूला मालक अस्वस्थ झाले. क्वालिटीच्या प्रमुखांनी त्यांना थांबवले: “मालक, आतला आहे. अजून दोन दिवस बघू, वरच राहिला तर सगळी फाउंड्री पालथी घालू.” आठवा बिंदू २४ चा होता. दिसायला अगदी साधा, पण इशारा त्याने दिला.

इथे वेळेचा हिशेब सांगितला पाहिजे. नोंद ओतकामाच्या तारखेने असल्यामुळे त्या दिवसाचा शेवटचा नग तपासून होईपर्यंत बिंदू पक्का होत नाही. आठव्या दिवसाचा बिंदू अकराव्या दिवशी लागला. हा उशीर या पद्धतीची किंमत आहे. पण फक्त ३३ च्या मर्यादेची वाट पाहिली असती तर? सरासरी २० वरून २५ च्या जरा वर सरकलेली असताना एखादा दिवस ३३ ओलांडेल याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे इशारा मिळायला सरासरी वीसेक दिवस, आणि रोज पाच जास्तीचे नग भंगारात. मोठा धक्का मर्यादा लगेच पकडते. छोटा पण टिकून राहिलेला सरकाव पकडायला सलग बिंदूंचाच नियम लागतो.

शोध कुठून सुरू करायचा हेही चार्टनेच सांगितले. ओळ सव्विसाव्या दिवशी सुरू झाली होती. म्हणून ‘काय बिघडले’ यापेक्षा अरुंद प्रश्न विचारता आला: पंचविसाव्या आणि सव्विसाव्या दिवसाच्या आसपास काय बदलले? सोबत दोषाचा प्रकार लिहिलेला होताच. आधीच्या महिन्यात रोजच्या २० बाद नगांत सरासरी ७ ब्लोहोलचे, म्हणजे अडकलेल्या वायूच्या छिद्रांचे, ६ वाळू शिरल्याचे आणि ७ इतर कारणांचे होते. नव्या नऊ दिवसांत ब्लोहोलचे आकडे १०, ११, १३, १२, १०, १५, १३, १२, १४ होते, सरासरी १२ च्या वर. बाकीचे सगळे दोष मिळून पूर्वीसारखेच १३ च्या आसपास. सगळी वाढ एकट्या ब्लोहोलची होती.

ब्लोहोलसाठी वेगळा चार्ट असता तर? सरासरी ७, वरची मर्यादा १४.९. सहाव्याच दिवशीचे १५ त्या मर्यादेबाहेर पडले असते. एकूण रिजेक्शनच्या चार्टवर हा बदल इतर दोषांच्या चढउतारात दोन दिवस लपून राहिला. तेव्हापासून ब्लोहोल आणि वाळू यांचे चार्ट वेगळे ठेवले जातात. तिसरा मात्र मी सुचवला नाही. दिवसाला एक-दोन नगांइतक्या विरळ दोषाचा असा रोजचा चार्ट फारसे काही सांगत नाही, आणि प्रत्येक जादा चार्ट स्वतःचे खोटे इशारे घेऊन येतो.

ब्लोहोलची कारणे अनेक असतात. वाळूत पाणी जास्त, साच्यातून हवा जायला वाट कमी, धातू थंड, कोअरमधून निघणारा वायू. बाद नग कापून पाहिले तर छिद्रे बाहेरच्या अंगाला नव्हती, कोअरलगत वरच्या बाजूच्या भिंतीत होती. मॉइश्चरचा दोष असता तर छिद्रे साच्याच्या अंगालाही दिसली असती. बोट कोअरकडे वळले.

कोअर शॉपच्या रजिस्टरमध्ये पंचविसाव्या दिवशी रेझिन कोटेड सँडचा नवा लॉट उघडल्याची नोंद होती. आज बनवलेले कोअर उद्याच्या ओतकामात जातात, म्हणजे सव्विसावा दिवस. कोअर शॉपमधल्या ताई म्हणाल्या की या पोत्यांचा वास पहिल्यापासूनच जास्त येतो आणि मशीनवर धूरही जास्त होतो, “पण कुणी विचारलं नाही.” वासाला चार्टवर जागा नसते, म्हणून शोध सुरू झाला की कामावरच्या माणसांना आधी विचारावे.

फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत मफल फर्नेस होती. दोन्ही लॉटची वाळू जाळून वजनातली घट मोजली. रेझिन जळून जाते, वाळू उरते, म्हणून घट म्हणजे ढोबळमानाने रेझिनचे प्रमाण. जुना लॉट ३ टक्क्यांच्या आसपास, नवा ३.७. पुरवठादाराच्या टेस्ट सर्टिफिकेटवर नव्या लॉटसाठीही ३ च लिहिलेले होते. जास्त रेझिन म्हणजे धातूच्या उष्णतेने जास्त वायू, आणि कोअरच्या व्हेंटमधून तो पुरेसा बाहेर पडला नाही तर तो धातूतच अडकतो.

इथेच थांबून लॉट परत पाठवता आला असता. पण त्याच सुमारास पोअरिंगच्या लॅडलचे अस्तरही बदलले होते आणि तारखांचा मेळ दोघांशीही बसत होता. जुन्या लॉटची बारा पोती गोदामात शिल्लक होती, म्हणून सरळ तुलना केली. तीन दिवस, एकच धातू, एकच वाळू, तीच लॅडल. एकाआड एक साच्यात जुन्या आणि नव्या लॉटचे कोअर, आणि साच्यात अक्षर दाबून नगावरच खूण. दोन्ही बाजूंना ६०० नग. जुन्या लॉटमध्ये ब्लोहोलचे १० नग बाद झाले, नव्यात २३. एवढा फरक निव्वळ योगायोगाने क्वचितच पडतो, पण अशक्य म्हणता येणार नाही. एकट्या या तुलनेवर मी निर्णय द्यायला धजलो नसतो. छिद्रांची जागा, जळतीची घट, लॉट उघडण्याची तारीख आणि ही तुलना अशा चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, आणि लॅडल दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे तिच्यावरचा संशय गळून पडला.

पुरवठादाराने लॉट बदलून दिला. पहिल्या दहा दिवसांत ब्लोहोल पुन्हा सरासरी ७ वर आले आणि एकूण आकडे २० च्या दोन्ही बाजूंना विखुरले. या सगळ्यात मर्यादा हलवल्या नव्हत्या. बिघाडाच्या दिवसांचे आकडे घेऊन मर्यादा पुन्हा काढण्याचा मोह होतो आणि पुष्कळ सॉफ्टवेअर ते आपोआप करतात. तसे केले की २५ हीच नवी सरासरी ठरते आणि बिघाड रोजच्या चढउतारात जमा होऊन नाहीसा होतो. आता नव्या लॉटचे एक पोते आधी जाळून पाहिल्याशिवाय कोअर शॉपला जात नाही.

खालच्या मर्यादेचाही एकदा उपयोग झाला. एका दिवशी फक्त ४ नग बाद झाले. मालक खूश होते. पण ७ च्या खालचा बिंदू हासुद्धा इशाराच असतो, आणि शोध घेतला तेव्हा त्या दिवसाचा बराचसा माल तपासणीला नव्या बसलेल्या मुलाने पाहिला होता असे निघाले. कोअरलगतची बारीक छिद्रे कुठे शोधायची ते त्याला कुणी दाखवलेच नव्हते. तो माल गाडीत चढण्याआधी पुन्हा तपासला गेला.

मालकांचा मूळ प्रश्न मात्र उरलाच होता: २० चे काय? ते तर चार्टच्या हिशेबात ‘ठीक’ होते. ठीक असणे म्हणजे चांगले असणे नव्हे. वीस ही या फाउंड्रीच्या रचनेची किंमत होती, आणि ती कमी करायला एखाद्या वाईट दिवसाचे कारण शोधून उपयोग नव्हता. सगळ्या दिवसांना सारखी लागू असलेली गोष्ट बदलायला हवी होती. वाळू शिरण्याचे रोजचे सहा नग घेतले. रनरमध्ये सिरॅमिक फिल्टर बसवला आणि साचा बंद करण्याआधी हवेच्या झोताने साफ करण्याची पायरी सक्तीची केली. त्यानंतर बिंदू सलग मधल्या रेषेच्या खाली पडू लागले. आठाचा तोच नियम या वेळी चांगल्या बाजूने लागू पडला. पंचवीस दिवसांची नवी सरासरी १६ आली. कारण माहीत होते, बदल टिकला होता, म्हणून आता मर्यादा नव्याने काढणे योग्य होते. सरासरी १६, खालची मर्यादा ४ च्या जरा वर, वरची २८ च्या जरा खाली. मागच्या वर्षी २८ चा आकडा रोजच्या चढउतारात मोडत होता. आज तो आला तर फाउंड्रीत शोध सुरू होतो.